सहा बोल्ट आणि न दिसणारा खुंटा

औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात मी ड्रॉइंग तपासायला गेलो होतो. शेडच्या कॉलमला एक ब्रॅकेट जोडायचा होता आणि त्या ब्रॅकेटवर हॉइस्टचा गर्डर बसणार होता. शेठनी एम-१६ चे बोल्ट आणून ठेवलेच होते. ड्रॉइंगवर माझं बोट एका जागी थांबलेलं पाहून ते म्हणाले, "साहेब, हिशोब सोपा आहे. एक बोल्ट २९ किलोन्यूटन घेतो. सहा बोल्ट म्हणजे १७४. भार आहे ६०. जवळजवळ तिप्पट. अजून काय पाहिजे?"

हिशोबात गुणाकाराची चूक नव्हती. एम-१६ जाडीचा, ४.६ ग्रेडचा साधा बोल्ट आपल्या आयएस ८०० : २००७ या संहितेप्रमाणे एका छेदात खरोखरच सुमारे २९ किलोन्यूटन कातर सोसतो. १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक टन वजन, असं धरलं की आकडे डोळ्यांपुढे येतात. भार सहा टनांचा आणि बोल्टांची एकूण ताकद साडेसतरा टनांची होती. तरीही ते बोल्ट चालणार नव्हते, कारण सहांपैकी दोघांवर ३२ किलोन्यूटनहून अधिक येत होतं. बाकीचे चौघे कमी-अधिक आरामात होते, एक तर जवळजवळ रिकामा होता. पण जोडाची ताकद सरासरीने ठरत नाही, ज्याच्यावर सगळ्यात जास्त येतं त्याच्यावरून ठरते.

तो बोल्ट कोणता, हे शोधायचं कसं?

साठ, पण कुठे टांगलेले साठ?

आधी ब्रॅकेट नीट पाहू. आय आकाराच्या कॉलमला समोर आणि मागे असे दोन फ्लँज असतात. दोन्हींवर एकेक जाड प्लेट चपटी बसवली आहे आणि दोन्ही प्लेटा एकाच बाजूला, समजा उजवीकडे, फ्लँजच्या बाहेर आल्या आहेत. त्या बाहेर आलेल्या भागावर गर्डर टेकतो. हॉइस्ट, उचललेला माल, गर्डरचं स्वतःचं वजन आणि धक्क्याची वाढ मिळून ८० किलोन्यूटन येतात. संहितेच्या १.५ या सुरक्षा गुणकाने ते १२० होतात आणि दोन प्लेटांत वाटून प्रत्येकीवर ६०. शेठच्या हिशोबातले ६० हेच.

आता एकाच प्लेटकडे बघा. फ्लँज २०० मिलिमीटर रुंद आहे. त्यावर बोल्टांच्या दोन उभ्या ओळी आहेत, एकमेकींपासून १२० मिलिमीटरवर. प्रत्येक ओळीत तीन बोल्ट, एकाखाली एक, ८० मिलिमीटर अंतराने. या सहांचा मध्य बरोबर फ्लँजच्या मध्यरेषेवर येतो आणि गर्डरचा भार त्या मध्यापासून २०० मिलिमीटर उजवीकडे आहे.

सगळा घोळ या २०० मिलिमीटरांत आहे. भार बोल्टांच्या मध्यातून गेला असता, तर शेठचा हिशोब बरोबर ठरला असता आणि प्रत्येक बोल्टवर सारखे १० किलोन्यूटन आले असते. पण भार बाजूला सरकला की प्लेट नुसती खाली जायला बघत नाही, ती वळायलाही बघते. घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला सहा टाचण्या टोचून तो थर्माकोलवर बसवा आणि पुठ्ठ्याची उजवी कड बोटाने खाली दाबा. भारापासून दूरच्या, डावीकडच्या टाचण्या वरच्या दिशेला कलतात. खाली दाबतोय आपण, आणि टाचण्या वर ढकलल्या जातायत!

म्हणून इंजिनिअर बाजूच्या भाराचे दोन भाग करतात. एक भाग म्हणजे तोच ६० किलोन्यूटनचा भार, पण मध्यातून जाणारा. दुसरा भाग म्हणजे निव्वळ पीळ, ६० किलोन्यूटन गुणिले २०० मिलिमीटर, म्हणजे १२,००० किलोन्यूटन-मिलिमीटर. दोन्ही मिळून मूळ भाराइतकाच परिणाम होतो, आणि दोन्हींचा हिशोब वेगवेगळा करता येतो.

पीळ वाटायचा कसा

पहिल्या भागाची वाटणी सरळ आहे. ६० भागिले ६, प्रत्येकाला १०, खालच्या दिशेने.

पिळाची वाटणी करताना आपण धरून चालतो की प्लेट जाड आणि ताठ आहे, ती स्वतः वाकत नाही. ती अख्खी एका बिंदूभोवती किंचित फिरते. मग मध्यापासून जो बोल्ट जितका दूर, तितकी त्याच्या जागी प्लेट जास्त सरकणार आणि तितका तो बोल्ट जास्त दाबला जाणार. शंभर मिलिमीटरवरच्या बोल्टवर साठ मिलिमीटरवरच्या बोल्टपेक्षा त्याच प्रमाणात जास्त बल येणार.

बोल्टांची मांडणी इथे हिशोबाला सोयीची आहे. कोपऱ्यातला बोल्ट मध्यापासून ६० मिलिमीटर आडवा आणि ८० मिलिमीटर उभा आहे, म्हणजे तिरकं अंतर बरोबर १००. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोणच हा, वीसपट मोठा. असे चार कोपरे आहेत. मधल्या रांगेतले दोन बोल्ट ६० मिलिमीटरवर आहेत.

पिळाला विरोध करण्यात अंतर दोनदा कामाला येतं. दूरच्या बोल्टवर बल जास्त येतं, हे एकदा. आणि त्याच बलाला तरफेचा हातही लांब मिळतो, हे दुसऱ्यांदा. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग घेऊन बेरीज करायची. चार कोपऱ्यांचे चार वेळा १०,००० आणि मधल्या दोघांचे दोन वेळा ३,६००, एकूण ४७,२००. पिळाला या बेरजेने भागलं की एक मिलिमीटर अंतरामागे किती बल येतं ते कळतं. १२,००० भागिले ४७,२०० म्हणजे जवळपास ०.२५४ किलोन्यूटन. कोपऱ्यातल्या बोल्टला १०० मिलिमीटरमागे २५.४, मधल्याला ६० मिलिमीटरमागे सव्वापंधरा.

इथपर्यंत आलेले बरेच विद्यार्थी २५.४ मध्ये १० मिळवून ३५.४ लिहितात आणि मोकळे होतात. शेठ २९ वर थांबले होते, हे ३५ वर थांबतात, आणि दोघांनीही दिशा पाहिलेली नसते.

दिशेने ठरतं

पिळाचं बल मध्यापासून बोल्टपर्यंत काढलेल्या रेषेला काटकोनात असतं. भार उजवीकडे असल्याने प्लेट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरू पाहते. म्हणून वरचे बोल्ट उजवीकडे ढकलले जातात आणि खालचे डावीकडे, उजवे बोल्ट खाली आणि डावे वर.

कोपऱ्यातल्या बोल्टचे २५.४ तिरके आहेत. त्यांचे आडवा आणि उभा असे दोन हिस्से केले, की आडवा येतो २०.३ आणि उभा सव्वापंधरा. आता यात थेट भाराचे १० मिळवायचे, पण फक्त उभ्या हिस्स्यात, कारण ते उभे आहेत.

उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टवर पीळही खाली ढकलतो आणि भारही खाली ढकलतो. सव्वापंधरा आणि दहा, सव्वापंचवीस. आडवे २०.३ जसेच्या तसे. या दोन काटकोनातल्या बलांचं एकत्रित बल पायथागोरसच्या नियमाने येतं ३२.४ किलोन्यूटन. उजवीकडचा वरचा बोल्ट आणि उजवीकडचा खालचा बोल्ट, दोघांवर इतकंच.

डाव्या कोपऱ्यात पीळ वर ढकलतो आणि भार खाली. सव्वापंधरातून दहा वजा, राहिले सव्वापाच, वरच्या दिशेने. आडवे २०.३ तसेच. एकत्रित २१.

मधल्या रांगेत आडवा हिस्सा नाहीच. उजव्या मधल्यावर सव्वापंचवीस खाली, डाव्या मधल्यावर फक्त सव्वापाच वर.

आता ताळा करून बघू. उजवीकडच्या तिघांवर उभं बल प्रत्येकी सव्वापंचवीस, एकूण पाऊणशे आणि पाऊण. डावीकडच्या तिघांवर प्रत्येकी सव्वापाच वर, एकूण पावणेसोळा. वजाबाकी केली की बरोबर ६०. भार ६० चा असताना उजवीकडचे तिघे ७५ हून अधिक सोसतात, कारण डावीकडचे तिघे मदत करण्याऐवजी प्लेटला खाली खेचून धरतात. सीसॉवर एका टोकाला माणूस बसला की मधल्या खांबावर दुसऱ्या टोकाच्या माणसाचंही वजन येतं, तसंच हे.

शेठना मी हे आकडे सिमेंटच्या गोणीच्या कागदावर लिहून दाखवले. एम-१६ ची ताकद २९ आणि दोन बोल्टांवर ३२.४. एम-२० घेतला तर ताकद सव्वापंचेचाळीस, म्हणजे चालेल. छिद्राच्या कडेला प्लेट दबून फाटण्याचाही वेगळा हिशोब करावा लागतो, पण इथे प्लेट पुरेशी जाड होती आणि बोल्ट कडेपासून ४० मिलिमीटर आत होते. त्यामुळे कातरच निर्णायक होती.

दूर, पण कशापासून?

एका आकड्याने मात्र शेठचा फिटर थबकला. तीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता दूरच्यावर जास्त. मग डावीकडचा कोपरा १०० मिलिमीटरवर असून त्याच्यावर २१, आणि उजवीकडचा मधला ६० वर असून त्याच्यावर २५? उलटं झालं की."

हाच प्रश्न विचारायला हवा. "सगळ्यात दूरचा बोल्ट सगळ्यात जास्त सोसतो" हा नियम चुकीचा नाही, तो अर्धा सांगितला जातो. दूर, पण कशापासून? बोल्टांच्या मध्यापासून नव्हे. प्लेट ज्या बिंदूभोवती प्रत्यक्षात फिरते, त्या बिंदूपासून.

निव्वळ पीळ असता तर प्लेट बोल्टांच्या मध्याभोवती फिरली असती. पण पिळाच्या जोडीला भार सगळ्या प्लेटला खाली ढकलतोय. फिरणं आणि खाली सरकणं एकत्र झालं की फिरण्याचं केंद्र जागा बदलतं, ते भाराच्या उलट बाजूला सरकतं. किती, तेही लगेच काढता येतं. जिथे पीळ नेमका १० किलोन्यूटन वर ढकलेल आणि भाराचे १० खाली रद्द होतील, तीच जागा. मिलिमीटरमागे ०.२५४, म्हणजे १० साठी ३९ मिलिमीटर आणि थोडं. मध्यापासून डावीकडे सुमारे ३९ मिलिमीटरवर प्लेटवर एक बिंदू आहे जो जागचा हलत नाही. तिथे बोल्ट नाही, खूण नाही, काही नाही.

जात्याची पाळू खुंट्याभोवती फिरते, तशी ही प्लेट त्या न दिसणाऱ्या खुंट्याभोवती फिरते. खुंट्याजवळचा दगड जेमतेम सरकतो, आणि कडेच्या खुंटीला धरलेला हात मात्र मोठं वर्तुळ काढतो. एकदा खुंटा सापडला की प्रत्येक बोल्टचं बल एका गुणाकारात मिळतं, खुंट्यापासूनचं अंतर गुणिले ०.२५४. उजवे कोपरे खुंट्यापासून साडेसत्तावीस आणि शंभर मिलिमीटरवर, त्यांच्यावर ३२.४. उजवा मधला ९९ वर, सव्वापंचवीस. डावे कोपरे साडेब्याऐंशीच्या आसपास, २१. डावा मधला जेमतेम २१ मिलिमीटरवर, म्हणून सव्वापाच. फिटरचं कोडं सुटलं. मध्यापासून मोजलं की उलटं वाटत होतं, खुंट्यापासून मोजलं की सगळं रांगेत बसतं.

मी खडूने प्लेटवर त्या जागी फुली मारली आणि पट्टीने सहा अंतरं मोजून दाखवली. आकडेमोड न करताही आता तो सांगू शकत होता की सगळ्यात जास्त कोणावर येणार. खुंटा नेहमी भाराच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. म्हणून एकसारख्या मांडणीत सगळ्यात दमणारे बोल्ट भाराच्या बाजूचे कोपऱ्यातले असतात. भार जवळ आला की खुंटा आणखी दूर जातो आणि वाटणी समान होत जाते. भार दूर गेला की खुंटा बोल्टांच्या मध्याकडे येतो आणि पीळ राज्य करू लागतो.

शंभरची चूक

शेठच्या ड्रॉइंगमध्ये माझं बोट जिथे थांबलं होतं, ते आता सांगतो. तिथे भाराचं अंतर लिहिलं होतं १०० मिलिमीटर. खोटं नव्हतं ते. भार फ्लँजच्या कडेपासून १०० मिलिमीटरवरच होता. साइटवर मोजपट्टी लावायला कड हाताशी असते, म्हणून तेच अंतर मोजलं जातं आणि तेच ड्रॉइंगवर चढतं. पण पिळाचा हात कडेपासून मोजायचा नसतो, बोल्टांच्या मध्यापासून मोजायचा असतो. कडेपासून मध्यापर्यंत आणखी १०० मिलिमीटर होते.

कोणी काळजीपूर्वक, सगळ्या पायऱ्या बरोबर करून, पण १०० धरून हिशोब केला असता तर सगळ्यात जड बोल्टवर २०.४ किलोन्यूटन आले असते. एम-१६ च्या २९ पेक्षा बरेच कमी. कागदावर जोड सुरक्षित, आणि प्रत्यक्षात ३२.४. ही चूक शेठच्या सरळ भागाकारापेक्षा जास्त धोक्याची आहे, कारण ती हिशोबाच्या पोशाखात येते. ब्रॅकेटचं ड्रॉइंग तपासताना मी म्हणूनच सगळ्यात आधी विचारतो, हे अंतर कुठून कुठपर्यंत मोजलं?

एक बोल्ट राहिला तर?

फिटरने आणखी एक प्रश्न काढला. तोही साइटवरचाच. "साहेब, कधीकधी एक भोक जुळतच नाही. रीमर चालवायलाही जागा नसते. मग पाच बोल्ट लावून पुढे जातात लोक. पाचही एम-२० असतील, तर काय बिघडतं?"

कोणता राहिला, यावर सगळं आहे. समजा डावीकडचा मधला राहिला. तो गेल्यावर उरलेल्या पाचांचा मध्य १२ मिलिमीटर उजवीकडे, भाराकडे सरकतो आणि पिळाचा हात २०० वरून १८८ होतो. थेट वाटा १० वरून १२ होतो. सगळा हिशोब नव्याने केला की उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टवर येतात ३२.४ किलोन्यूटन. म्हणजे आधी होते तेवढेच. बोल्ट गेला आणि सगळ्यात जड बोल्टला पत्ताही लागला नाही, कारण गेलेला बोल्ट खुंट्याला जवळजवळ चिकटून होता.

आता समजा उजवीकडचा वरचा राहिला. उरलेल्यांचा मध्य १२ मिलिमीटर डावीकडे आणि १६ मिलिमीटर खाली जातो. पिळाचा हात २१२ होतो. अंतरांच्या वर्गांची बेरीज ४७,२०० वरून ३५,२०० वर येते. उजवीकडच्या खालच्या बोल्टवर आता साडेचव्वेचाळीस किलोन्यूटन येतात. एम-२० ची ताकद सव्वापंचेचाळीस. पाऊण किलोन्यूटन शिल्लक. बोल्टांची संख्या तीच, पाच. पण एका बाबतीत काहीच बिघडलं नाही आणि दुसऱ्या बाबतीत राखून ठेवलेली जवळजवळ सगळी ताकद संपली.

याचा अर्थ डावीकडचा मधला सोडून द्यायला हरकत नाही, असा मुळीच नाही. गर्डर आडवा ढकलला गेला, हॉइस्ट झटक्याने थांबला, भार थोडा सरकला, की खुंट्याची जागा बदलते आणि आज रिकामा वाटणारा बोल्ट उद्या कामाचा ठरतो. पण साइटवरून फोन आला की "एक बोल्ट बसत नाहीये", तर पहिला प्रश्न "किती बसले?" हा नसतो. "कोणता बसला नाही?" हा असतो.

बोल्ट वाढवा की पसरा?

जोड कमी पडतोय असं कळलं की बहुतेकांच्या मनात पहिलं येतं ते म्हणजे बोल्ट वाढवायचे. सहाचे आठ करू. त्याच १६० मिलिमीटर उंचीत तीनऐवजी चार रांगा बसवल्या तर सगळ्यात जड बोल्टवरचं बल ३२.४ वरून २६.२ वर येतं. एम-१६ तरून जातो.

पण सहाच बोल्ट ठेवून दोन रांगांमधलं अंतर ८० वरून १२० मिलिमीटर केलं, तर? गटाची उंची १६० ऐवजी २४० होते. कोपऱ्यातल्या बोल्टांच्या अंतराचा वर्ग १०,००० वरून १८,००० होतो आणि बेरीज ४७,२०० वरून ७९,२०० वर जाते. सगळ्यात जड बोल्टवर येतात २६.४. आठ बोल्टांएवढाच फायदा, दोन भोकं कमी पाडून. अर्थात प्लेट ८० मिलिमीटर उंच करावी लागते आणि कॉलमवर तेवढी मोकळी जागा लागते. रुंदीत मात्र असं पसरता येत नाही, तिथे फ्लँज संपतो. म्हणूनच बहुतेक ब्रॅकेट उभट असतात.

शेठनी प्लेटचं आणि ड्रिलिंगचं गणित मनात घातलं आणि एम-२० निवडले. बोल्ट परत करणं त्यांना प्लेटा पुन्हा कापण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. तोही योग्यच निर्णय होता.

हिशोब कुठे थांबतो

या पद्धतीत आपण दोन गोष्टी मानून घेतल्या. प्लेट ताठ आहे आणि बोल्टवरचं बल अंतराच्या प्रमाणात वाढतं. पहिली जाड प्लेटच्या बाबतीत बरीचशी खरी असते. दुसरी मात्र बोल्ट शेवटाला येईपर्यंत टिकत नाही. पोलादी बोल्ट एका मर्यादेनंतर बल न वाढवता दाबला जातो आणि जादाचं ओझं शेजाऱ्यांकडे देतो. क्रॉफर्ड आणि कुलक या संशोधकांनी १९७१ मध्ये अमेरिकी सिव्हिल इंजिनिअरांच्या नियतकालिकात हे दाखवलं. बोल्ट किती सरकल्यावर किती बल घेतो याचा चाचण्यांतून मिळालेला वक्र वापरून त्यांनी फिरण्याचं केंद्र शोधलं. अमेरिकेतल्या पोलादी बांधकामाच्या हस्तपुस्तिकेतले तक्ते याच पद्धतीवर उभे आहेत. ती पद्धत जोडाची ताकद सहसा आपल्या सरळ हिशोबापेक्षा जास्त दाखवते. सरळ हिशोब चुकतो तो बहुधा सुरक्षित बाजूला, म्हणूनच आपल्याकडे तो अजून सर्रास वापरात आहे.

दुसरी मर्यादा ब्रॅकेटच्या प्रकाराची. इथे प्लेट आणि भार एकाच प्रतलात होते, म्हणून बोल्टांना फक्त कातर होती. पण काही ब्रॅकेट फ्लँजवर समोरून ठोकल्यासारखे बसतात आणि छातीपुढे धरलेल्या ताटासारखे बाहेर येतात. त्यात भार वरच्या बोल्टांना कॉलममधून उपटू पाहतो. तिथे वरचे बोल्ट ताणले जातात, खालची कड फ्लँजवर रेटते आणि हिशोब सर्वस्वी वेगळा होतो. तिथे हा खुंटा शोधून उपयोग नाही.

तिसरी मर्यादा भोकांची. एम-२० साठी भोक २२ मिलिमीटरचं पाडतात, म्हणजे प्रत्येक बोल्टभोवती थोडी मोकळीक असते. भार आल्यावर प्लेट आधी तेवढी सरकते आणि मग बोल्ट कडेला टेकतात, सगळे एकदम नव्हे. आपल्या ब्रॅकेटमध्ये उजवा कोपरा पूर्ण दोन मिलिमीटर सरकला, तर गर्डरखालचं टोक पावणेचार मिलिमीटर खाली बसतं. हॉइस्टच्या रुळाला ते चालत नाही. आणि रोज शेकडो वेळा भार चढत-उतरत असेल तर बोल्ट भोकात हलत राहतो, ते आणखी वाईट. अशा ठिकाणी साध्या बोल्टऐवजी जोरात आवळून प्लेटा घर्षणाने घट्ट धरणारे बोल्ट वापरतात.

हललेला ब्रॅकेट ओळखता येतो. भाराच्या बाजूच्या वायसरभोवती रंगाला चिरा पडतात आणि पावसाळ्यानंतर तिथूनच तांबूस ओघळ उतरतात. डावीकडचे मधले वायसर मात्र नव्यासारखे असतात. मी एक सोपी गोष्ट करून ठेवतो. बोल्ट आवळून झाले की प्लेटच्या वरच्या कडेपासून फ्लँजवर जाणाऱ्या दोन उभ्या रेघा मारतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. वर्षभराने प्लेटवरची रेघ आणि फ्लँजवरची रेघ एकमेकींना जुळत नसतील, तर प्लेट फिरली आहे. किती फिरली, तेही त्या रेघा सांगतात.

त्या ब्रॅकेटचे बोल्ट लावायच्या दिवशी मी गेलो, तेव्हा फिटरमामा हेल्परला पहिले दोन बोल्ट भाराच्या बाजूच्या कोपऱ्यांत घालायला सांगत होते. तिथली भोकं आधी जुळवायची, त्यांचं म्हणणं होतं, मग बाकीची. डावीकडच्या मधल्या भोकात बोल्ट शेवटी गेला. प्लेटवरची माझी खडूची फुली अजून होती. हेल्परने ती फडक्याने पुसायला घेतली, तर मामांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "रंग मारायच्या वेळी पूस. तोपर्यंत सगळे त्याच्याभोवती फिरतात."